वेदर मॅपवरून वारा आणि पुढचा बदल कसा ओळखायचा?

मृण्मयी_स
नमस्कार मंडळी. मी मालवाहू जहाजावर डेक कॅडेट आहे. सध्या उत्तर अटलांटिकमध्ये साधारण 50 उत्तर अक्षांशावरून पश्चिमेकडे चाललो आहोत. सकाळी वेदरफॅक्सवर नकाशा आला. चीफ ऑफिसरनी तो माझ्या हातात दिला आणि सांगितलं, "आत्ताचा वारा, पुढच्या बारा तासांतले बदल आणि ते कधी होणार, एवढं लिहून आण." जेवणानंतर दाखवायचं आहे.

नकाशावर काय आहे ते सांगते. आमच्या वायव्येला L आहे, मध्यभागी 984. त्यातून एक वॉर्म फ्रंट आग्नेयेकडे उतरतो, अर्धगोल असलेला. दुसरा, त्रिकोण असलेला कोल्ड फ्रंट दक्षिण-नैऋत्येकडे लांबवर जातो. आयसोबार चार-चार हेक्टोपास्कलने काढलेत. मी जहाजाची जागा पेन्सिलने मांडली. तिथून आमच्या मार्गावर वॉर्म फ्रंट 150 सागरी मैलांवर आहे आणि कोल्ड फ्रंट 500 मैलांवर.

दोन गोष्टींवर अडलेय. एक म्हणजे आयसोबार बघून वारा कुठल्या बाजूचा ते नक्की ठरवता येत नाही. दुसरं, माझी खूण 1008 आणि 1012 यांच्या मध्ये, 1008 च्या जवळ पडते. पण ब्रिजवरचा बॅरोमीटर 1005 दाखवतो. बॅरोमीटर बिघडलाय की नकाशा चुकलाय?

निळाई
वाऱ्याचं सोपं आहे. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहते. L वायव्येला आहे, म्हणजे वारा आग्नेयेकडून सरळ L कडे जाणार. आयसोबारला काटकोनात बाण काढ, झाली दिशा. रेषा जितक्या जवळ तितका वारा जोराचा, हे तर आहेच.

दर्यावर्दी
निळाई, रेषांच्या अंतराबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर. काटकोनाचं मात्र नकाशावर चालत नाही. पृथ्वी फिरते म्हणून वाहती हवा उत्तर गोलार्धात उजवीकडे वळत जाते, आणि शेवटी ती आयसोबार ओलांडायच्या ऐवजी जवळजवळ त्यांच्या कडेने वाहायला लागते. बाइज बॅलटचा 1857 चा नियम आजही तितकाच उपयोगी आहे: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, कमी दाब डाव्या हाताला असतो. दक्षिण गोलार्धात उजव्या.

म्हणून मृण्मयी, आधी तुझ्या खुणेजवळच्या आयसोबारची दिशा बघ. त्या रेषेच्या कडेने जाणारा, L ला डावीकडे ठेवणारा बाण काढ. मग तो बाण थोडा L कडे झुकव, कारण पृष्ठभागाच्या घर्षणामुळे वारा मंदावतो आणि कमी दाबाकडे ओढला जातो. समुद्रावर हा झुकाव 10 ते 20 अंश धर.

बॅरोमीटरला इतक्यात बिघडलेला ठरवू नकोस. त्याआधी मला तीन गोष्टी सांग. नकाशावर वेळ काय छापली आहे? तू खूण कुठल्या वेळेच्या जागेची केलीस? आणि जहाजाचा वेग किती?

निळाई
पण जमिनीवर आम्ही शिकलो तेव्हा वारा बराच कललेला असतो असंच सांगितलं होतं. म्हणजे काटकोन नाही, तरी माझं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही.

दर्यावर्दी
जमिनीवर घर्षण जास्त, म्हणून कोन 30 अंशांच्या आसपास जातो, खडबडीत प्रदेशात त्याहूनही जास्त. तरीही मूळ दिशा आयसोबारचीच. तुमच्या पद्धतीने मृण्मयी आग्नेयेचा वारा लिहील आणि खिडकीबाहेर वेगळाच दिसेल.

मृण्मयी_स
आयसोबार इथे दक्षिण-नैऋत्येकडून उत्तर-ईशान्येकडे जातात, म्हणजे साधारण 200 अंशांवरून. बाण L कडे झुकवला तर वारा 180 च्या आसपास, दक्षिणेचा. बाहेरही दक्षिणेचाच आहे!

तुमच्या प्रश्नांची उत्तरं: नकाशावर 0600 यूटीसी आहे. खूण मी 0930 च्या जागेची केली, कारण तेव्हाच कागद हातात आला. कोर्स 270, वेग 12 नॉट. बॅरोमीटरच्या नोंदी अशा: 0600 ला 1011.5, 0900 ला 1006, 0930 ला 1005.

दर्यावर्दी
मग तुझा बॅरोमीटर ठणठणीत आहे. नकाशाही बरोबर आहे. दोघं वेगवेगळ्या वेळेचं बोलताहेत, इतकंच.

नकाशा 0600 चा आहे. तू 0930 ची जागा त्यावर टाकलीस, म्हणजे साडेतीन तासांपूर्वी त्या जागी किती दाब होता ते वाचलंस. तेव्हा तिथे सुमारे 1009 होता. मधल्या वेळात L जवळ आला आणि तिथला दाब चारेक हेक्टोपास्कलने उतरला. ताळा करायचा असेल तर 0600 ला जहाज जिथे होतं, म्हणजे आत्तापेक्षा 42 मैल पूर्वेला, तिथे खूण कर. ती 1012 च्या रेषेला जवळजवळ चिकटून पडायला हवी. लॉगबुकातला 1011.5 त्याच्याशी जुळतो.

आता तोच विचार फ्रंटना लाव. तुझे 150 आणि 500 मैल हे 0600 चे फ्रंट आणि 0930 चं जहाज यांच्यातले आहेत. आधी फ्रंटचा वेग हवा. मध्यरात्रीचा, 0000 चा नकाशा फाइलमध्ये असेल. दोन्ही नकाशांवर तुमच्या मार्गाच्या रेषेत फ्रंट किती सरकले ते मोज. अंतर मोजताना नकाशाच्या कडेची पट्टी वापरू नकोस. त्याच अक्षांशाच्या आसपास एक अंश अक्षांश म्हणजे 60 मैल असं डिव्हायडरमध्ये घे, कारण या नकाशांवर प्रमाण जागोजाग बदलतं.

मृण्मयी_स
मोजलं. सहा तासांत वॉर्म फ्रंट 150 मैल आणि कोल्ड फ्रंट 180 मैल सरकलाय. म्हणजे 25 आणि 30 नॉट. 0600 ची खूणही 1012 च्या रेषेजवळच पडली.

दर्यावर्दी
उत्तम. 0930 पर्यंत वॉर्म फ्रंट आणखी 87 मैल पुढे आला, म्हणजे आत्ता तो तुमच्यापासून फक्त 63 मैलांवर आहे. तो पूर्वेकडे 25 नॉटने येतोय आणि तुम्ही पश्चिमेकडे 12 नॉटने त्याच्याकडे जाताय. दोघांमधलं अंतर तासाला 37 मैलांनी कमी होतंय. पावणेदोन तासांत, साधारण 1110 ला फ्रंट तुमच्या डोक्यावर. जेवणानंतर दाखवायला गेलीस तर तोवर तो येऊन गेलेला असेल!

कोल्ड फ्रंट याच हिशेबाने 395 मैलांवर उरतो, आणि 42 नॉटने अंतर कमी होतंय. साडेनऊ तास धर, म्हणजे संध्याकाळी 1900 च्या सुमारास. यात तास-दीड तास मागेपुढे होणारच. फ्रंटची रेषा कागदावर बारीक दिसते, प्रत्यक्षात तो पट्टा असतो, आणि फ्रंटचा वेगही एकसारखा राहत नाही.

डोंगरवाट
चांगली चर्चा. माझाही असाच घोळ आहे, म्हणून इथेच विचारतो. माझ्या घड्याळात बॅरोमीटर आहे. मागच्या ट्रेकला मुक्कामाच्या जागी तो 931 दाखवत होता आणि नकाशावर त्या भागात 1010 ची रेषा होती. मी सोबतच्यांना सांगितलं की भयंकर कमी दाब आलाय, खाली उतरू. दुसऱ्या दिवशी आभाळ लख्ख. वेळेचा फरक तर इतका मोठा असू शकत नाही.

अनघा_निरीक्षक
तुमचा मुक्काम साधारण सातशे मीटर उंचीवर होता का? नकाशावरचे सगळे आकडे समुद्रसपाटीला आणून लिहिलेले असतात. जमिनीलगतच्या थरात दर आठ मीटर चढाला सुमारे एक हेक्टोपास्कल कमी होतो, वर जाल तसं हे अंतर थोडं वाढतं. तुमच्या घड्याळातला 79 चा फरक बहुतेक सगळा उंचीचाच आहे. तसं समुद्रसपाटीला आणलं नसतं, तर नकाशावर हवामानाऐवजी डोंगररांगाच उमटल्या असत्या.

घड्याळाचा खरा उपयोग एका जागी थांबलात की होतो. रात्री झोपताना आकडा लिहा, पहाटे बघा. चालता चालता घेतलेले आकडे चढउताराचेच असतात.

डोंगरवाट
690 मीटर. धन्यवाद. म्हणजे आकड्यापेक्षा तो तीन तासांत किती बदलला हे बघायचं.

दर्यावर्दी
हो, आणि चालत्या जहाजालाही तोच सापळा आहे. मृण्मयीचा बॅरोमीटर तीन तासांत साडेपाच उतरला. हा उतार जोराचाच म्हणायचा. पण त्यातला जवळपास तिसरा हिस्सा जहाज स्वतःच कमी दाबाकडे चाललंय म्हणून आहे. तुम्ही जागच्या जागी थांबला असतात तर पावणेचारच्या आसपास दिसला असता. उलट दिशेने, L च्या पुढे पुढे पळणाऱ्या जहाजावर उतार फसवा मंद दिसतो, आणि ते जास्त धोक्याचं.

नभांगण
आम्ही विषुववृत्ताच्या जवळच्या पाण्यात काम करतो. इथल्या नकाशांवर फ्रंट नसतातच, आयसोबारही दोन-चारच. तरी वारा असतो. मग अंतरावरून जोर काढायची पद्धत इथे का चालत नाही? की आमचे नकाशेच अर्धवट असतात?

दर्यावर्दी
नकाशे अर्धवट नाहीत. फ्रंट म्हणजे थंड आणि उबदार हवेच्या दोन मोठ्या प्रदेशांमधली सीमा, आणि तुमच्याकडे इतका तापमानाचा फरक बहुधा नसतोच. रेषांचं म्हणाल तर तेवढ्याच अंतराचा अर्थ अक्षांशाप्रमाणे बदलतो. 50 अंशांवर जे अंतर 35 नॉट सांगतं, तेच 15 अंशांवर हिशेबाने 100 च्या वर जातं. म्हणून तिथे साध्या वाऱ्यातही रेषा विरळच असतात, आणि पुष्कळदा दोन-दोन हेक्टोपास्कलने काढाव्या लागतात. अगदी विषुववृत्ताशी तर हा हिशेब सोडूनच द्यायचा आणि थेट वाऱ्याच्या रेषांचा नकाशा बघायचा. मृण्मयीच्या नकाशाच्या कोपऱ्यात जी मोजपट्टी असते, तिच्यावर अक्षांश वेगवेगळे दिलेले असतात ते याचसाठी.

मृण्मयी_स
ती पट्टी आहे! दोन आयसोबारमधलं अंतर डिव्हायडरने घेऊन लावलं. आत्ताच्या जागी अंतर 75 मैल, पट्टीवर 42 नॉट. दोन्ही फ्रंटच्या मधल्या भागात 90 मैल, 35 नॉट. कोल्ड फ्रंटच्या मागे 85 मैल, 37 नॉट. पण बाहेर 42 नाही, 28 आहे.

दर्यावर्दी
पट्टीवरचा वारा घर्षणाच्या वरचा असतो. समुद्रावर त्याचा साधारण दोन-तृतीयांश धर, 42 चे 28 होतात. तुझं मोजमाप अगदी नेमकं आहे.

आता आयसोबार फ्रंट ओलांडताना कशा मोडतात ते नीट बघ. फ्रंटवर रेषा वळत नाही, मोडते, आणि मोडीचं टोक L च्या उलट बाजूला, जास्त दाबाकडे असतं. या मोडीतच वाऱ्याचा बदल लपलेला आहे. आत्ता रेषा 200 वरून येताहेत. वॉर्म फ्रंट ओलांडला की त्या सरळ, एकमेकींना समांतर होतात आणि 240 वरून येतात. म्हणजे वारा दक्षिणेवरून नैऋत्येला जाईल. जोर तेवीसएक नॉट. त्या भागात उबदार हवा थंड पाण्यावरून जाते, खालचा थर स्थिर असतो, वरचा वारा खाली मिसळत नाही. म्हणून दोन-तृतीयांशापेक्षा थोडा कमीच धरायचा. झिमझिम आणि कमी दृश्यमानता अपेक्षित. दाबाचा उतार जवळजवळ थांबेल.

कोल्ड फ्रंटवर मोड मोठी आहे. रेषा 240 वरून एकदम 310 वर जातात. वारा नैऋत्येवरून पश्चिम-वायव्येला उडी घेईल, आणि तीही काही मिनिटांत. पट्टीवर 37 असले तरी इथे दोन-तृतीयांश धरू नकोस. थंड हवा तुलनेने उबदार पाण्यावर येते, खालून तापते, उलथापालथ होते आणि वरचा वारा खाली उतरतो. 30 नॉट सरासरी आणि 40 चे झोत असं लिही. तुमचा कोर्स 270, म्हणजे हा वारा जवळजवळ नाकावर. चीफना सगळ्यात आधी हेच हवं असेल.

आणखी एक. वॉर्म सेक्टरमधल्या, म्हणजे दोन्ही फ्रंटच्या मधल्या भागातल्या सरळ आयसोबार ज्या दिशेने जातात, L साधारण त्याच दिशेने सरकतो. इथे ती पूर्व-ईशान्य आहे, म्हणजे L तुमच्या उत्तरेकडून जाईल आणि वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत राहील. L दक्षिणेकडून गेला असता तर वारा उलटा, पूर्व आणि ईशान्येवरून फिरला असता, आणि हे दोन्ही फ्रंट तुम्हाला लागलेच नसते.

अनघा_निरीक्षक
एक विचारू? कोल्ड फ्रंटची शेपटी जिथे दूर नैऋत्येला जाते, तिथे रेषा सरळ आहे की मध्ये पूर्वेकडून पश्चिमेकडे, थंड हवेच्या बाजूला ढकलल्यासारखा बाक आहे? त्याच्याजवळ आयसोबार अचानक फाकलेत का?

मृण्मयी_स
बाक आहे, छोटासा. जहाजाच्या नैऋत्येला सहाशे मैलांवर असेल. तिथे रेषा थोड्या विरळ आहेत. वेगळा L मात्र छापलेला नाही.

अनघा_निरीक्षक
मग मी एक ओळ वाढवेन. लांबट कोल्ड फ्रंटवर असा बाक म्हणजे नवी लहर तयार होत असण्याची शक्यता. ती फ्रंटच्या कडेने तुमच्याकडे सरकली, तर 1900 नंतर दाब चढायला लागून मध्येच थांबेल आणि वारा पुन्हा नैऋत्येकडे मागे जाईल. चीफना सांगताना "कोल्ड फ्रंटनंतर स्वच्छ" असं ठाम लिहू नकोस.

दर्यावर्दी
मला इतक्या छोट्या बाकावरून लहर दिसत नाही. मोकळ्या समुद्रावर निरीक्षणं विरळ असतात. एकाच वेळेचे दोन केंद्रांचे नकाशे शेजारी ठेवले तर फ्रंटच्या शेपटीत असे बाक वेगवेगळ्या जागी असतात. दुसऱ्या केंद्राचा 0600 चा नकाशा मिळाला तर बघ.

मृण्मयी_स
दुसरा मिळाला. त्यात फ्रंट आहे, बाक नाही. मी दोन्ही शक्यता लिहिल्यात आणि आत्ता, 1040 लाच दाखवायला जातेय.

मृण्मयी_स
दुसऱ्या दिवशीची नोंद. वॉर्म फ्रंट 1140 ला आला. आधीपासून पाऊस होता, मग झिमझिम, दृश्यमानता दोन मैलांच्या खाली. वारा 180 वरून 220 ला गेला, 22 ते 24 नॉट. दाब 1001 वर येऊन जवळजवळ टेकला, संध्याकाळपर्यंत 999.

कोल्ड फ्रंट 2010 ला. दुपारी उंच लाटांमुळे वेग 10 वर आणला होता, त्याने थोडा उशीर झाला असावा. वारा पाच-सहा मिनिटांत 230 वरून 300 ला, पहिला झोत 44 नॉट, तापमान तीन अंशांनी खाली. दाब तासाला दोनने चढला. पण 2300 ला तो 1004 वर थांबला, वारा 260 पर्यंत मागे गेला, आणि 0200 नंतर परत चढायला लागला. म्हणजे अनघाताईंची लहर होती का?

अनघा_निरीक्षक
तसंच वाटतंय. मधल्या तीन तासांत पाऊस सरींचा होता की सलग?

मृण्मयी_स
सलग नाही म्हणता येणार, पण सरींमध्ये मोकळं आभाळही नव्हतं. अंधारात ढग कळले नाहीत.

दर्यावर्दी
मला हा थंड हवेतला ट्रफ, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा वाटतो. कोल्ड फ्रंटच्या मागे असे येतातच. तेव्हाही दाब अडतो, वारा थोडा मागे जातो आणि मग झोतासह परत फिरतो. लहर असती तर तो 260 वर न थांबता नैऋत्येपर्यंत मागे गेला असता.

अनघा_निरीक्षक
लहर दुरून, दक्षिणेकडून गेली असेल तर इतकाच मागे जाईल. हवेचा ओलावा बघितला तर कळेल. ट्रफमध्ये हवा तीच थंड राहते. लहरीने उबदार हवा जवळ आणली असेल तर वेट बल्ब चढायला हवा. मृण्मयी, 2100 आणि 0000 चे ड्राय आणि वेट बल्बचे आकडे आहेत का?

मृण्मयी_स
2100: ड्राय 9.1, वेट 7.2. 0000: ड्राय 9.4, वेट 7.9.

अनघा_निरीक्षक
वेट 0.7 ने चढलाय. माझ्या बाजूने आहे.

दर्यावर्दी
स्क्रीनवर एक जोराची सर आली तरी वेट बल्ब इतका हलतो. 0300 चा आकडा आणि 0000 चा नकाशा, दोन्ही टाक. 0000 च्या नकाशावर त्या शेपटीत बंद आयसोबार दिसला तर मी अनघाताईंचं मान्य करेन.

मृण्मयी_स
0300 चा वेट 6.8. नकाशाचा फॅक्स अर्धवट आलाय, खालची पट्टी कोरी आहे आणि शेपटी नेमकी तिथेच. पुढच्या प्रसारणात परत येतो का बघते.